जाळीवरचा दीड व्हॉल्ट

गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आजही सर्रास सापडणारा व्हॉल्व्ह म्हणजे १२एएक्स७. अंगठ्याएवढ्या त्या काचेच्या नळीत दोन स्वतंत्र ट्रायोड बसवलेले असतात. त्यातला एक घेऊन त्याच्याभोवतीची जोडणी पाहिली, तर व्हॉल्व्हचं सगळं वागणं उलगडतं.

मधोमध कॅथोडची बारीक नळी असते. आतल्या हीटरने ती तापली की तिच्यावरच्या ऑक्साइडच्या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. नळीत निर्वात असल्यामुळे त्यांची वाट मोकळी असते आणि बाहेरची धन व्होल्टेजची प्लेट त्यांना ओढून घेते. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये या दोहोंच्या मध्ये तिसरी वस्तू बसवली, ती म्हणजे ग्रिड. ग्रिड म्हणजे कॅथोडला अगदी लागून असलेली तारेची विरळ जाळी. हे जवळ असणंच महत्त्वाचं. १२एएक्स७ मध्ये ग्रिडवरच्या एका व्हॉल्टचा इलेक्ट्रॉनांवर जेवढा परिणाम होतो, तेवढा साधायला प्लेटवर सुमारे १०० व्हॉल्ट बदलावे लागतात. शिवाय ग्रिड कॅथोडच्या मानाने ऋण ठेवली की इलेक्ट्रॉन तिच्यावर उतरत नाहीत, फटींतून पुढे जातात. म्हणून सिग्नल देणाऱ्याकडून ती जवळजवळ काहीच करंट घेत नाही.

आता नेहमीची जोडणी पाहू. पुरवठा ३०० व्हॉल्टचा आहे. तो आणि प्लेट यांच्यामध्ये १ लाख ओहमचा रेझिस्टर आहे, तर कॅथोडखाली दीड हजार ओहमचा. सिग्नल नसताना साधारण १ मिलिअँपिअर करंट वाहतो. वरच्या रेझिस्टरवर १०० व्हॉल्ट खर्च होतात आणि प्लेटवर २०० उरतात. खालच्या रेझिस्टरमुळे कॅथोड दीड व्हॉल्टने वर उचलला जातो. ग्रिड शून्यावर बांधलेली असल्याने कॅथोडच्या दृष्टीने ती आपोआप उणे दीड व्हॉल्टवर येते. वेगळी बॅटरी लागत नाही.

गिटारच्या तारेने ग्रिड ०.१ व्हॉल्टने वर सरकवली, की करंट सुमारे ०.०६ मिलिअँपिअरने वाढतो. एवढासा करंट १ लाख ओहममधून गेला की ६ व्हॉल्टचा फरक पडतो आणि प्लेट तेवढी खाली येते. सिग्नल साठपट झाला, फक्त उलटा होऊन. वाढीची ऊर्जा पुरवठ्यातून आली. ग्रिडने तिला केवळ आकार दिला.

हाच ६ व्हॉल्टचा सिग्नल व्हॉल्यूमच्या नॉबमधून दुसऱ्या ट्रायोडच्या ग्रिडवर जातो, आणि खरी गंमत तिथे आहे. दुसऱ्या ग्रिडलाही खेळायला दीडच व्हॉल्टची जागा आहे. ती दीड व्हॉल्टने वर गेली तर प्लेट सुमारे ९५ व्हॉल्ट खाली येते. तेवढीच खाली गेली तर प्लेट सुमारे ७५ व्हॉल्टच वर चढते. कारण करंट जितका कमी, तितका ग्रिडचा प्रभाव कमी होत जातो. लाटेचे दोन अर्धे असे असमान झाले की मूळ स्वराच्या दुप्पट कंपनसंख्येचा सूर, म्हणजे त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला सूर, त्यात मिसळतो. तो कानाला खुपत नाही.

नॉब आणखी फिरवला तर? ग्रिड फार ऋण झाली, की करंट एकदम तुटत नाही. झिरपत झिरपत संपतो आणि लाटेचा माथा गोलाईने दबतो. उलट बाजूला ग्रिड कॅथोडच्या पातळीला पोहोचते, तेव्हा ती स्वतःच इलेक्ट्रॉन झेलू लागते. मागच्या नॉबच्या मोठ्या रोधातून एवढा करंट येऊ शकत नाही, म्हणून आत येणारा सिग्नलच तिथे चेपला जातो.

ट्रान्झिस्टरचे अनेक अ‍ॅम्प्लिफायर भरपूर निगेटिव्ह फीडबॅकवर चालतात. फीडबॅक शेवटपर्यंत लाट सरळ ठेवतो आणि पुरवठ्याची मर्यादा आली की ती सुरीने कापल्यासारखी सपाट होते. त्या धारदार कडांमधून वरच्या क्रमाचे पुष्कळ हार्मोनिक निघतात आणि आवाज कर्कश होतो. पण याचं सगळं श्रेय काचेच्या नळीला देणं चूक आहे. व्हॉल्व्हच्या सर्किटलाही जबर फीडबॅक दिला तर तेही असंच कडक कापतं. मऊपणा वक्राच्या आकारातून आणि मोकळ्या जोडणीतून येतो.

याच ग्रिड करंटचा एक त्रासही आहे. पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडआधी कपॅसिटर असतो. जोरदार आघाताने ग्रिडने करंट ओढला की तो चार्ज होतो, ग्रिडला गरजेपेक्षा फार ऋण करून ठेवतो आणि व्हॉल्व्ह क्षणभर बंद पडतो. जोरात छेडलेला स्वर आधी गुदमरतो, मग फुटत फुटत परत येतो. असं ऐकू आलं तर लगेच व्हॉल्व्ह बदलायला धावू नये. ग्रिडच्या तोंडाशी मोठा रेझिस्टर घालून किंवा तो कपॅसिटर लहान करून पाहावं. बहुतेकदा तेवढ्याने भागतं. मात्र हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं, कारण अ‍ॅम्प्लिफायर बंद केल्यावरही पुरवठ्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्हॉल्ट साठून राहिलेले असू शकतात.