बल्बखाली झक्कास, अंगणात पीठ!

चारठाण्याला मावसबहिणीचं लग्न होतं. जिंतूर तालुक्यातलं हे गाव जुन्या दगडी मंदिरांसाठी ओळखलं जातं, त्यामुळे नवरीचे फोटो सकाळी मंदिरासमोरच काढायचे ठरले. ‘तू पुण्याची, मेकअप तूच कर,’ असा मावशीचा हुकूम सुटला. पहाटे साडेपाचला माजघरातल्या एकुलत्या पिवळ्या बल्बखाली मी कामाला लागले. आरशात नवरी मस्तच दिसत होती. आठ वाजता ती अंगणात आली आणि मावशी ओरडली, “अगं, हिच्या तोंडाला पीठ लागलंय का?” चेहरा पांढुरका, मान सावळी आणि गालांवर दोन लाल ठिपके!

झालं असं होतं की, पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग फार कमी असतो. सगळ्यावरच पिवळसर छटा चढते आणि एक शेड फिकं फाउंडेशनही त्वचेत मिसळल्यासारखं वाटतं. ब्लशचा गुलाबी रंगही त्यात दबतो, मग ब्रश पुन्हा पुन्हा गालाकडे जातो. त्यातून बल्ब डोक्यावर असला की डोळ्यांखाली सावली पडते. तिला काळी वर्तुळं समजून आपण कन्सीलर थापतो. मी तेही केलं होतं.

पुसून नव्याने करायला वेळ नव्हता. मी नवरीला ओसरीवर, उघड्या दाराकडे तोंड करून बसवलं. थेट ऊन चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, नाहीतर फक्त चकाकी दिसते. गालावर ओला, घट्ट पिळलेला स्पंज टेकवत टेकवत जास्तीचं ब्लश उचललं. एक शेड गडद फाउंडेशन अगदी थोडं घेऊन गालाच्या कडेपासून जबड्याखाली मानेपर्यंत ओढलं. मग दहा मिनिटं थांबले, कारण काही फाउंडेशन्स लावल्यावर थोड्या वेळाने गडद होतात. शेवटी जबड्याची कड, कानापुढची जागा आणि केसांची रेघ तपासली. जोड दिसतो तो तिथेच.

तेव्हापासून ऑफिसला निघतानाही माझा छोटा आरसा खिडकीपाशी असतो. अंधार असताना निघायचं असेल तर ब्लश अर्धंच लावते आणि उजाडल्यावर पुन्हा बघते. अगदी पहाटेचा उजेड निळसर असतो, त्यावरही फार भरवसा ठेवू नये. घरात एलईडी घेताना खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त आहे का तेवढं बघा आणि दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर लावा.

संध्याकाळी मांडवात पिवळे हॅलोजन लागले आणि सकाळी अगदी बरोबर वाटलेली नवरी फिकी दिसायला लागली. खिडकीचा नियम बाजूला ठेवून मी मांडवातच उभं राहून तिला थोडं ब्लश लावलं. मावशी लांबूनच बघत होती. “आता कसं!” म्हणाली आणि जेवणाच्या पंगतीकडे पळाली.