नागरिक आणि नोंदवही : लेखांक सातवा – नावाचा रकाना कोरा ठेवण्याविषयी

बारशाला बाराच दिवस उरलेले आणि घरात नावाचा निकाल लागेना, अशा अडचणीत सापडलेल्या माझ्या एका भाच्याने परवा मोठ्या काकुळतीने विचारले की, मामा, जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हावयास हवी म्हणतात, तर तूर्त 'बेबी' असे काहीतरी लिहून टाकू का? मी त्यास तत्काळ मनाई केली. आणि त्या मनाईचे कारण हाच आजच्या लेखाचा विषय होय.

सन 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखालील नियमांनी ही एकवीस दिवसांची मुदत घातली आहे ती जन्माच्या वर्दीसाठी, नामकरणासाठी नव्हे. आणि जन्मवृत्ताच्या नमुन्यात अपत्याच्या नावापाशीच, नाव ठेवले नसल्यास जागा कोरी सोडावी, अशी सूचना छापलेली असते. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर वर्दी देण्याची जबाबदारी रुग्णालयावरच असते, आणि बहुधा तेथील कारकूनच संगणकावर ती माहिती भरतो. तेव्हा आईबापांनी घरी बसून त्याच जन्माची दुसरी नोंद करण्याच्या भरीस पडू नये, कारण एका मुलाच्या दोन नोंदी निस्तरणे हे नाव शोधण्याहून कितीतरी कठीण काम आहे. प्रसूती घरी झाली असेल तर मात्र वर्दी कुटुंबप्रमुखाने द्यावयाची.

आता 'बेबी'चे पाहू. कोऱ्या रकान्यात मागाहून नाव घालणे ही त्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमाखालील साधी पूर्तता आहे : आईबाप किंवा पालक तोंडी अथवा लेखी कळवितात, निबंधक नाव लिहून त्यापुढे आद्याक्षरी सही व तारीख घालतो, आणि काम संपते. परंतु रकान्यात एकदा काही अक्षरे उमटली की ती कायद्याच्या दृष्टीने नावच ठरतात, आणि ती बदलणे ही पंधराव्या कलमाखालील दुरुस्ती होते, जिच्यासाठी चूक घडल्याचा पुरावा मागितला जातो. आणि आपण जाणूनबुजून लिहिलेल्या 'बेबी'ला चूक म्हणावयाचे तरी कोणत्या तोंडाने?

मुदतीचा हिशेबही जन्मतिथीपासून नव्हे, नोंदणीच्या तारखेपासून होतो. समजा मूल 3 मार्चला जन्मले आणि नोंद 12 मार्चला झाली, तर पुढील वर्षाच्या मार्चातील त्याच सुमारापर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर नोंदणीपासून पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. मधल्या काळात मिळणारा दाखला बिननावाचा असला तरी जन्माचा पुरावा म्हणून खराच असतो; मात्र पासपोर्टाच्या अर्जास किंवा शाळेच्या दारात तो पुरत नाही.

भाच्याने रकाना कोरा ठेवविला. अर्ज करताना नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिपींत स्वतः लिहून दे, आणि नवा दाखला हाती पडताच खिडकीपाशीच उभा राहून अक्षर न् अक्षर वाच, एवढे मी त्यास बजावले आहे. कारण ऱ्हस्वदीर्घाची एक मात्रा चुकली तर पुन्हा तेच पंधरावे कलम. मुलीला तूर्त सारे घर 'छकुली' म्हणते.