मधली फाइल टाकून देऊ नका

ऑनलाइन पुस्तकं विकणारं एखादं दुकान घ्या. दिवसभरात वेबसाइटवर आलेल्या ऑर्डरी रात्री आपोआप टॅलीत चढाव्यात, म्हणून कुणीतरी एक लांबलचक स्क्रिप्ट लिहून दिलेली असते. ऑर्डरी आणायच्या, टॅलीला कळेल अशा रूपात बदलायच्या आणि भरायच्या, ही तिन्ही कामं ती एका दमात करते. मध्येच अडकली की सगळं पहिल्यापासून.

त्यापेक्षा तीन वेगळ्या स्क्रिप्ट कराव्यात आणि प्रत्येकीनं आपलं काम फाइलमध्ये ठेवावं.

```
python aana.py  2025-03-13
python badla.py 2025-03-13
python bhara.py 2025-03-13
```

पहिली स्क्रिप्ट वेबसाइटनं दिलेला मजकूर जसाच्या तसा जपते. तिथे साफसफाईचा मोह टाळायचा. दुसरी इंटरनेटला हातही लावत नाही. ती पहिलीची फाइल वाचून टॅलीची एक्सएमएल फाइल तयार करते. तिसरी ती फाइल टॅलीला पाठवते.

आता समजा, १३ मार्चला दुसरी स्क्रिप्ट बंद पडली. पहिलीची फाइल उघडली तर तारीख दिसते `03/13/2025`. वेबसाइट अमेरिकी पद्धतीनं महिना आधी लिहिते, स्क्रिप्ट मात्र दिवस आधी धरून चालली आहे. तेरावा महिना कुठून आणणार! खरी गोम पुढेच आहे. ५ मार्चची ऑर्डर `03/05/2025` अशी आली, तेव्हा कुठलीही तक्रार न होता ती ३ मे म्हणून टॅलीत बसली. म्हणजे ३ तारीख सोडली तर १२ मार्चपर्यंतच्या सगळ्या नोंदी चुकीच्या दिवशी पडल्या आहेत. मूळ फायली जपल्या असतील तर वेबसाइटकडे पुन्हा जायचं कारण नाही. एक ओळ दुरुस्त करून १ तारखेपासून दुसरी आणि तिसरी स्क्रिप्ट पुन्हा चालवायची.

पण तिसरी पुन्हा चालवताना विक्री दुप्पट व्हायची भीती असते. म्हणून प्रत्येक व्हाउचरची `REMOTEID` ही ओळख ऑर्डर क्रमांकावरूनच बनवावी, म्हणजे टॅली जुनीच नोंद बदलते. तिच्या उत्तरात `CREATED` आणि `ALTERED` असे आकडे येतात. जुने दिवस पुन्हा भरताना `CREATED` शून्याच्या वर गेला, तर तिथेच थांबून तपासायचं.

वीज गेली आणि फाइल अर्धीच लिहिली गेली, तर पुढची स्क्रिप्ट तीच पूर्ण समजून बसेल. म्हणून आधी `.tmp` नावानं लिहावं आणि शेवटची ओळ पडली की खरं नाव द्यावं.

जपलेली फाइल त्या रात्रीपुरतीच खरी असते. दुसऱ्या दिवशी रद्द झालेली ऑर्डर तिच्यात तशीच राहते. त्यासाठी पहिली स्क्रिप्टच पुन्हा चालवावी लागते. शिवाय या फायलींत ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर असतात. महिन्याचा हिशेब जुळला की त्या पुसून टाका.