‘काय चाललंय?’ला काय सांगावं?

‘काय चाललंय?’ असं कुणी विचारलं की बहुतेक मराठी माणसं ‘काही नाही’ म्हणतात. हे उत्तर जवळजवळ कधीच खरं नसतं. घरात दहावीचं वर्ष असतं, भाडेकरार संपत आलेला असतो, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलेलं असतं. तरीही तोंडातून ‘काही नाही, नेहमीचंच’ एवढंच निघतं आणि विचारणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही.

असं का होतं, याचं एक जुनं स्पष्टीकरण मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी १९२३ साली दिलं. पॅसिफिकमधल्या ट्रोब्रियांड बेटांवर त्यांनी दीर्घकाळ मुक्काम केला होता. माणसं अनेकदा माहिती देण्यासाठी बोलतच नाहीत, एकमेकांशी नातं जागं ठेवण्यासाठी बोलतात, असं त्यांनी मांडलं. समोरचा माणूस गप्प राहिला तर अवघडल्यासारखं होतं, ते अवघडलेपण अशा बोलण्यानं जातं. ‘कुठं निघालात?’ला ‘हे काय, जरा बाजारात’ हे उत्तर पुरतं ते याचमुळे. बाजारातून काय आणायचं, हे कुणाला ऐकायचं नसतं.

पण मग खरं उत्तर द्यायचंच नाही का? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी या पेचाचा बारकाईनं विचार केला. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनची ध्वनिमुद्रणं त्यांच्या अभ्यासात होती आणि साध्या बोलण्याची वीण उलगडायला त्यांनी तिथूनच सुरुवात केली. त्यांचा मुद्दा असा : ‘कसं काय?’ला ‘वाईट चाललंय’ म्हटलं की समोरच्याला ‘का, काय झालं?’ विचारावंच लागतं. एकदा ते विचारलं की सांगावं लागतं. आणि आपली अडचण कुणालाही सांगता येत नाही, त्यासाठी माणूस तितका जवळचा लागतो. म्हणून लांबच्या ओळखीच्या माणसाला ‘मजेत’ म्हणणं भाग पडतं.

सॅक्स यांचे सहकारी इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी टेलिफोनवरच्या संभाषणांच्या सुरुवाती तपासल्या. ‘ठीक’, ‘बरं आहे’ अशी मधली उत्तरं आली की तो विषय तिथंच मिटतो आणि गाडी पुढे जाते. उत्तर फार चांगलं किंवा फार वाईट असलं, तर समोरच्याला थांबून चौकशी करावी लागते. त्यांचा अभ्यास इंग्रजी संभाषणांचा होता, पण ‘एकदम झकास!’ म्हटल्यावर ‘अरे वा, काय विशेष?’ हे मराठीतही आपोआप येतंच.

इथेच उपयोगी उत्तराची जागा सापडते. प्रश्न टाळणारं ‘काही नाही’ आणि सगळं गाऱ्हाणं मांडणारं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये एक छोटं, नेमकं उत्तर बसतं. समजा, ठाणे स्टेशनच्या पुलावर जुन्या सोसायटीतला शेजारी भेटला आणि त्यानं विचारलं, “काय रे, काय चाललंय?” त्यावर, “मजेत. थोरलीचं दहावीचं वर्ष, गणिताला कुणीतरी चांगले सर शोधतोय. तुझं काय?” यातल्या ‘मजेत’नं नमस्काराला नमस्कार मिळतो. पुढच्या वाक्यात समोरच्याला धरता येईल असं काहीतरी असतं. शेवटी प्रश्न परत जातो. हे सगळं पुलाच्या पायऱ्या उतरेपर्यंत बोलून होतं. शेजाऱ्याला काही माहीत असेल तर तो सांगेल. नसेल तर “हो का, बरंय” म्हणून पुढे जायला तो मोकळा असतो, कारण त्याच्याकडे काही मागितलेलंच नाही.

असं नेमकं काहीतरी सांगण्याचा फायदा लांबच्या ओळखीत जास्त होतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांचा अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा गाजलेला निबंध १९७३चा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्यानं खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणाऱ्यांकडून खबर मिळालेले १७ टक्क्यांच्या आसपासच निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळलं होतं. कारण सरळ आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे माहीत असतं, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. पुलावर भेटणारा शेजारी वेगळ्या माणसांत वावरतो. पण आपण काय शोधतोय, हेच त्याला कळलं नाही तर त्याच्याकडची खबर आपल्यापर्यंत यायची कशी?

मात्र नेमकेपणाला वेळेची मर्यादा असते आणि ती समोरच्याच्या पायांकडे बघून कळते. चालता चालता विचारलं असेल तर ‘मजेत, तू?’ एवढंच पुरे. तो थांबला, पिशवी खाली ठेवली, तर एखादं वाक्य जास्त बोलायला हरकत नाही. उत्तर देताना त्याची नजर इंडिकेटरकडे गेली, ‘हं, हं’ लवकर लवकर येऊ लागलं, की आपलं लांबलं आहे असं समजावं.

मन खरंच ठीक नसेल तेव्हा काय म्हणावं, हा प्रश्न राहतोच. गेल जेफरसन यांनी सॅक्स यांच्याच परंपरेत काम केलं. अडचणीत असलेली माणसं बऱ्याचदा ‘छान’पेक्षा किंचित उतरलेलं उत्तर देतात, हे त्यांनी टिपलं. त्यात दार किलकिलं ठेवलेलं असतं. समोरच्याला विचारायचं असेल तर विचारता येतं, नसेल तर पुढे जाता येतं. मराठीत हे काम ‘चाललंय आपलं’ करतं. स्वर जरा पडलेला, मध्ये थोडा थांबा. जवळच्या माणसानं हे ऐकून पुढे जाऊ नये, “का गं, बरी आहेस ना?” एवढं तरी विचारावं. आणि उत्तर देणाऱ्याला तिथं, जिन्यात किंवा लिफ्टमध्ये, सांगायचं नसेल तर “जरा धावपळ चाललीय, रात्री निवांत फोन करते” असं म्हणता येतं. यात खोटंही नाही आणि सांगण्याची वेळही आपल्या हाती राहते. फोन मात्र करायला हवा.

कधी कधी ‘काय चाललंय?’ हा पुढच्या कामाचा रस्ताही असतो. ‘संध्याकाळी काय करतोयस?’ला ‘काही नाही’ म्हटलं की ‘मग ये ना’ हे ठरलेलंच. आधी वाट मोकळी आहे का ते पाहायचं आणि मग बोलावणं करायचं, म्हणजे नकाराचा अवघडपणा दोघांनाही टळतो. फोनवर दोन-तीन महिन्यांनी अचानक ‘काय म्हणताय, काय चाललंय?’ आलं, तर बहुधा मागे काहीतरी काम असतं आणि ते सांगायला माणूस संकोचतोय. अशा वेळी आपलीच हकिगत लांबवली तर त्याची पंचाईत होते. “मजेत आहे. बोला ना, आज कशी आठवण काढलीत?” असं म्हटलं की त्याचं ओझं उतरतं.

लिखित निरोपात पाय दिसत नाहीत आणि स्वरही ऐकू येत नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याचा नुसता ‘काय चाललंय?’ आला आणि त्यावर ‘मजेत’ एवढंच पाठवलं, तर तो पुढचा निरोप लिहीपर्यंत दोघंही ताटकळतात. त्याऐवजी असं लिहिता येतं : ‘मजेत! ४ वाजेपर्यंत मीटिंगमध्ये आहे, मग फोन करतो. काही घाईचं असेल तर आत्ताच लिहून ठेवा, मधल्या चहाला बघतो.’ काम असेल तर तो लगेच लिहितो. नसेल तर त्याचं उत्तर येतं, ‘छे, सहजच विचारलं,’ आणि मग ४ नंतर निव्वळ गप्पांसाठी फोन होतो.