पोटखराब्याचे पोट

गावची जमीन वडिलांच्या नावावरून आपल्या नावावर झाली, की शहरातला मुलगा पहिल्यांदा सातबारा नीट वाचायला घेतो. भूमापन क्रमांक, भोगवटादार, आकार असे शब्द तो कसेबसे पार करतो आणि ‘पोटखराबा’पाशी अडखळतो. काही जण पोट बिघडल्याचा विनोद करून पुढे जातात. खरे तर इथे शब्दकोश लागतच नाही, कारण या पोटाशी त्याची जुनी ओळख असते. आमदार गेला की होते ती पोटनिवडणूक. जातीच्या आत पोटजात, भाडेकरूने ठेवलेला पोटभाडेकरू, कलमाच्या आतले पोटकलम. या सगळ्यांत ‘पोट’ म्हणजे मोठ्या गोष्टीच्या आत किंवा तिच्याखाली येणारी छोटी गोष्ट. खराबा हा तर ‘खराब’चाच भाऊ. म्हणजे एका क्रमांकाच्या जमिनीत असलेला, पण पिकाखाली न येणारा तुकडा. अर्थ नेमका हाच आहे. खडकाळ जागा, ओढा, रस्ता, पाणंद असे क्षेत्र पोटखराब्यात धरले जाते.

हा अंदाज इतका बिनचूक का लागला? एक तर ‘पोट’ लागलेले तीन-चार शब्द हाताशी होते आणि सगळे एकाच दिशेला बोट दाखवत होते. दुसरे म्हणजे सातबाऱ्यावर तो शब्द क्षेत्राच्या रकान्यात, लागवडीयोग्य क्षेत्राच्या शेजारी बसलेला असतो. सोबतचे शब्द आणि बसलेली जागा या दोन साक्षी जुळल्या, की अंदाजावर भरवसा ठेवायला हरकत नसते.

नुसत्या घडणीवरून काढलेला अर्थ मात्र दगा देतो, आणि त्याचे सगळ्यात चांगले नमुने याच दप्तरात सापडतात. ‘बक्षीसपत्र’ घ्या. बक्षीस म्हटले की शाळेतला कार्यक्रम, पेला आणि प्रमाणपत्र डोळ्यांसमोर येते. तेव्हा बक्षीसपत्र म्हणजे ते प्रमाणपत्र असणार, असे वाटणे स्वाभाविकच. पण कागद उघडला तर आई मुलीला राहते घर देत असते आणि मजकुरात ‘प्रेमापोटी’, ‘कोणताही मोबदला न घेता’ असे शब्द असतात. स्पर्धा नाही, जिंकणे नाही, नुसते देणे आहे. बक्षीस हा शब्द फारसीतल्या देण्याच्या क्रियापदावरून आला. मराठीत त्याला जिंकण्याचा वास नंतर लागला, दस्तात तो जुन्या अर्थानेच राहिला. (आणि ‘प्रेमापोटी’तले पोट पुन्हा निराळे, तिथे ते कारण सांगते. चार वेळा खरे ठरलेले सूत्र पाचव्यांदा चालेलच असे नाही.)

‘तहहयात’ हा असाच दुसरा चकवा. शब्द फोडला की तह आणि हयात असे दोन तुकडे पडतात, मग वाचक पुरंदरच्या तहाकडे वळतो आणि हा कसला तरी करार असावा असे ठरवतो. वास्तविक ते ‘तह’ म्हणजे फारसीतला ‘ता’, अर्थात ‘पर्यंत’. हयात असेपर्यंत. ‘घरात राहण्याचा तहहयात हक्क’ या वाक्यात करार हा अर्थ घालून पाहिला तर वाक्य लंगडते, जन्मभर हा अर्थ घातला तर सरळ चालते. ही चाचणी फुकटात होते, तरी फार थोडे वाचक ती करतात.

परकी भाषा शिकणाऱ्यांवर काम केलेल्या अभ्यासकांनाही हेच आढळले. बातिया लाउफर यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या चुका नोंदवल्या. ‘शॉर्टकमिंग्ज’ म्हणजे उणिवा, पण विद्यार्थ्यांनी शॉर्ट आणि कमिंग वेगळे काढून ‘छोट्या भेटी’ असा अर्थ लावला होता. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी म्हणून अंदाजाचा क्रमच उलटा सुचवला. शब्द आधी फोडायचा नाही. तो नाम आहे की विशेषण ते पाहायचे, शेजारचे शब्द पाहायचे, मागचीपुढची वाक्ये पाहायची आणि मग अर्थ ठरवायचा. शब्दाचे तुकडे अगदी शेवटी, ठरवलेला अर्थ तपासण्यापुरते. कारण तुकडे आधी पाहिले की माणूस त्यांच्या प्रेमात पडतो आणि वाक्याला ओढूनताणून त्यांच्या मापाचे करतो.

हा क्रम एका खऱ्याखुऱ्या वाक्यावर लावून पाहू. खरेदीखतांत हमखास येणारे वाक्य आहे: ‘सदरची मिळकत निर्वेध व निजोखमी आहे.’ ‘निर्वेध’ अनोळखी धरू. वाक्यात तो मिळकतीचे वर्णन करतो, म्हणजे विशेषण. ‘व’ने तो ‘निजोखमी’ला जोडलेला आहे. त्यात जोखीम स्पष्ट दिसते आणि आधीचा ‘नि’ ती नाही असे सांगतो. दस्तात असे शब्द जोडीने येतात आणि जोडीतले दोघे बहुधा एकाच अर्थाच्या आसपास असतात. पुढच्या ओळींत गहाण, दान, जप्ती, बोजा यांपैकी काहीही मिळकतीवर नसल्याचे लिहिलेले असते. एव्हाना अर्थ ठरतो: कुणाची आडकाठी नसलेली. आता शब्द फोडायचा. निर् म्हणजे नसणे, हे निर्दोष, निर्धोक यांतून माहीत आहे. ‘वेध’ म्हणताच नेमबाजी आठवली तर गाडी अडते. पण ग्रहणाचे वेध आठवले, त्या काळातली बंधने आठवली, तर ठरवलेल्या अर्थाला दुजोरा मिळतो. आधीच फोड केली असती तर ‘नेम नसलेली मिळकत’ हाती आली असती.

संस्कृत शब्दांत तर नुसती फोड फारच कमी कामाची. आहार, विहार, प्रहार, संहार या चारही शब्दांत ‘हृ’ हा एकच धातू आहे. जेवण, फेरफटका, घाव आणि नाश यांतून तो कुणी ओळखून दाखवावा! त्या मानाने बेदखल, गैरहजर, नापीक यांतली फारसी-अरबी उपपदे सरळमार्गी. ती बहुतेक वेळा नकारच सांगतात.

संदर्भावर भिस्त ठेवायची तर संदर्भ समजायला हवा, ही साधी अट लोक विसरतात. नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेला आकडा असा: आधाराविना मजकूर नीट कळायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ठाऊक असावे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी चालतो. जुन्या दस्तात एका ओळीत तीन-चार अनोळखी शब्द येतात. तिथे एक अंदाज दुसऱ्या अंदाजाच्या खांद्यावर उभा राहतो, आणि पहिला चुकला की सगळेच कोसळतात. अशा वेळी मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश अजूनही उपयोगी पडतो, कारण कचेरीतले पुष्कळ जुने शब्द त्यात आहेत. मात्र अंदाज कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहून मगच कोश उघडावा. आपण कुठे घसरलो ते त्याशिवाय कळत नाही.

आणि कागद सहीचा असेल तर अंदाजावर थांबूच नये. ‘साठेखत’ हा शब्द पाहा. ‘खत’ म्हणजे दस्त, हे गहाणखतावरून कळते. ‘साठे’त मात्र साठा दिसतो आणि दिशा चुकते. हा शब्द ‘साटेखत’ असाही लिहितात. त्यातले साटे म्हणजे सौदा, साटेलोट्यातले. सौदा आणि खत जोडून खरेदीच झाली असे वाटते, संदर्भही तेच सुचवतो: घर तेच, दोन्ही बाजूंची नावे तीच, रकमेचा आकडाही असतो. तरी साठेखत हा फक्त पुढे विक्री करण्याचा करार असतो. तेवढ्याने घराची मालकी मिळत नाही, त्यासाठी खरेदीखत नोंदवावे लागते.