सहाव्या आठवड्यातला लाल डाग

बाळ जन्मलं तेव्हा अंग स्वच्छ होतं, मग हा डाग आला कुठून, असा प्रश्न बहुतेक आयांना पडतो. नीट आठवायला सांगितलं तर काहीजणी म्हणतात की तिथे सुरुवातीपासून एक फिकट चट्टा होता, किंवा मुका मार लागल्यासारखी खूण होती. दोन-तीन आठवड्यांत तिथेच लालभडक, किंचित उंचावलेला, वर बारीक दाणे असलेला डाग तयार होतो. सावळ्या कातडीवर तो लालऐवजी गडद तांबूसही दिसू शकतो. यालाच स्ट्रॉबेरी हिमँजिओमा म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी जास्त वाढल्यामुळे होणारी ही गाठ आहे. ती कर्करोगाची नसते आणि साधारण शंभरात चार-पाच बाळांना होते. मुलींमध्ये, जुळ्यांमध्ये, अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये ती जास्त दिसते. गरोदरपणातल्या ग्रहणाशी किंवा डोहाळ्यांशी तिचा काही संबंध नाही. आईला या कारणावरून बोल लावणाऱ्यांना हे ठणकावून सांगायला हवं.

जन्मापासून असलेला, सपाट, गुलाबी-जांभळा आणि बाळाबरोबर सावकाश पसरणारा डाग वेगळा. त्याला पोर्ट वाइन डाग म्हणतात. तो आपोआप जात नाही. हिमँजिओमा मात्र आधी झपाट्याने वाढतो आणि नंतर हळूहळू विरतो. या वाढीचं वेळापत्रक पालकांना माहीत असणं फार गरजेचं आहे, कारण निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

सर्वांत वेगवान वाढ साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात होते. तिसरा महिना संपेपर्यंत बहुतेक डागांनी आपल्या अंतिम आकाराचा मोठा भाग गाठलेला असतो आणि पाचव्या महिन्यानंतर वाढ मंदावते. कातडीखाली खोलवर असलेली, निळसर दिसणारी गाठ थोडी उशिरा उगवते आणि जास्त काळ वाढते. वर्षाच्या आसपास रंग फिका पडू लागतो. लालभडक पृष्ठभागावर मधूनमधून करडे-पांढुरके ठिपके दिसतात, गाठ मऊ पडते आणि चार वर्षांपर्यंत बहुतेकांचं आकसणं पूर्ण होतं. आकसणं म्हणजे कातडी पूर्ववत होणं नव्हे. अनेक मुलांच्या अंगावर बारीक लाल शिरा, सैल कातडी किंवा चरबीचा मऊ उंचवटा राहतो. ज्या डागाची कड कातडीपासून पायरीसारखी उठलेली असते, तिथे अशी खूण राहण्याची शक्यता जास्त.

‘काही करू नका, जाईल आपोआप’ हा सल्ला म्हणूनच बहुतेकांसाठी बरोबर असला तरी सगळ्यांसाठी नाही.

एक उदाहरण घेऊ. पूर्ण दिवसांची, सहा आठवड्यांची, चार किलो वजनाची मुलगी पहिल्या मोठ्या लसीसाठी दवाखान्यात आली आहे. तिच्या पाठीवर रुपयाएवढा लाल डाग आहे आणि डाव्या वरच्या पापणीवर वाटाण्याएवढी गाठ. आजीला पाठीवरच्या मोठ्या डागाची चिंता आहे. डॉक्टरांनी मात्र आधी पापणी पाहायला हवी. पाठीवरच्या डागाचा तिला त्रास नाही. तिथे नजर ठेवली की पुरे, किंवा तो पातळ असेल तर डॉक्टर टिमोलॉलचे थेंब वरून लावायला देऊ शकतात. पापणीची गोष्ट वेगळी आहे. गाठ बुबुळावर आली नाही तरी तिच्या दाबाने डोळ्याच्या पुढच्या पडद्याची गोलाई बिघडते आणि चित्र धूसर पडतं. या वयात मेंदू पाहायला शिकत असतो. एका डोळ्याचं चित्र सतत धूसर आलं तर तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो आणि मग गाठ विरली तरी नजर अधूच राहू शकते. म्हणून दहाव्या आठवड्याच्या लसीपर्यंतही थांबायचं नाही. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे आणि बालरोग किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवायचं.

पापणीप्रमाणेच नाकाचं टोक आणि ओठ या जागाही थांबण्याच्या नाहीत, कारण तिथला आकार बिघडला तर नंतर सुधारणं अवघड जातं. ओठावर आणि लंगोटाच्या भागात जखम होण्याचा धोका मोठा असतो. तीन महिन्यांच्या आतच डाग मधोमध पांढुरका दिसू लागला, तर तो विरतोय असं समजू नका. ती जखमेची पूर्वसूचना असू शकते. ही जखम फार दुखते, बाळ दूध सोडतं, रात्र रात्र रडतं. हनुवटी आणि गळ्याभोवती दाढीच्या जागी पसरलेला डाग असेल आणि श्वास घेताना आवाज येत असेल, तर श्वासनलिकेतही गाठ असू शकते. तेव्हा तडक रुग्णालय गाठावं. अंगावर पाच किंवा अधिक डाग असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात. चेहऱ्याचा मोठा पट्टा व्यापणारा डाग असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि हृदयही तपासतात.

उपचाराचा मार्ग २००८ मध्ये बदलला. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे नाकावर हिमँजिओमा असलेलं एक बाळ होतं. त्याला स्टिरॉइड चालू होतं आणि हृदयाचा स्नायू जाड झाल्यामुळे प्रोप्रॅनोलॉल द्यावं लागलं. दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग बदलला आणि ती मऊ झाली. रक्तदाबासाठी जुन्या काळापासून वापरात असलेलं हे औषध तेव्हापासून या गाठीचं पहिलं औषध बनलं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला ते सुरू करायचं तर आधी हृदय, नाडी आणि श्वास तपासतात. दमा किंवा हृदयाच्या ठोक्यांची अडचण असेल तर विचार बदलतो. नेहमीचा डोस दिवसाला किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम. चार किलोच्या बाळाला २ च्या हिशेबाने ८ मिलिग्रॅम, म्हणजे दोन वेळा ४-४. सुरुवात त्याच्या निम्म्याने करतात आणि पहिल्या डोसनंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब पाहतात. पातळ औषधाची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असू शकते, त्यामुळे बाटली बदलली की किती मिली द्यायचं हे पुन्हा विचारून घ्यावं. चमच्याने अंदाजे देणं नको, सिरिंजनेच मोजावं.

खरा धोका रक्तातली साखर उतरण्याचा असतो. औषध दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यायचं, उपाशी पोटी कधीच नाही. बाळाला उलट्या होत असतील, ते पीत नसेल किंवा छाती वाजत असेल, तर डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. सुस्ती, गार घाम किंवा झटके आले तर वेळ घालवू नये. बाळाच्या हातापायांना थोडा गारवा येणं किंवा झोप बिघडणं हे मात्र बऱ्याचदा दिसतं.

उपचार साधारण सहा महिने चालतो, काहींना वर्षाच्या वयापर्यंत. वजन वाढत जातं तसा डोसही वाढवावा लागतो. नाहीतर तीन महिन्यांपूर्वीचाच डोस चालू राहतो आणि गाठ पुन्हा फुगते. औषध बंद केल्यावरही काही मुलांमध्ये ती थोडी वाढते आणि पुन्हा सुरू करावं लागतं.

या काळात घरी डागावर बिब्बा, चुना किंवा डाग देणं असले प्रकार कुणालाही करू देऊ नयेत. हिमँजिओमा आपोआप विरला असता, पण त्यांनी भाजलेली जागा जन्मभर राहते. डागातून रक्त आलं तर घाबरून वरचेवर पुसत बसू नये. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरावं. दर आठवड्याला एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढला तर वाढ डॉक्टरांना चटकन कळते.

पापणीची गाठ विरली तरी नेत्रतपासणी चालूच ठेवायची. या मुलीला चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी लागू शकते. पाठीवर उरलेली सैल कातडी त्रास देत असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात घेतात, गाठ पुरेशी आकसल्यावर. शिल्लक लाल शिरांसाठी लेसरचा उपयोग होतो.