बिल पन्नासचं, पोचले सत्तेचाळीस

डिसेंबर २०१७ मध्ये 'स्टीम' या व्हिडिओ गेमच्या ऑनलाइन दुकानाने बिटकॉइन घेणं बंद केलं. ते सुरू करून दोन वर्षंही झाली नव्हती. दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने दिलेली कारणं अगदी गल्ल्यावरची होती. बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली तेव्हा एका व्यवहाराची नेटवर्क फी साधारण वीस सेंट होती, ती आता वीस डॉलरच्या घरात गेली होती. शिवाय ग्राहकाला सांगितलेला भाव ठरावीक वेळेपुरताच टिकायचा. त्या वेळेत व्यवहार झाला नाही तर रक्कम कमी किंवा जास्त ठरायची. मग ग्राहकाला पैसे परत पाठवा, नाही तर उरलेले मागा. दोन्हींत फी पुन्हा भरावी लागायची.

फी आज बहुतेक वेळा त्यापेक्षा बरीच कमी असते. बिल अपुरं राहण्याची कारणं मात्र तीच आहेत, आणि ती दोन वेगवेगळी आहेत. दुकानदाराच्या पडद्यावर दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, म्हणून गोंधळ होतो.

हिशेबाला सोपे आकडे घेऊ. वस्तू पन्नास डॉलरची आणि एका बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलर. बिल झालं ०.०००५ बिटकॉइनचं. बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग म्हणजे एक सातोशी, तेव्हा हे झाले ५०,००० सातोशी. दुकानाचं सॉफ्टवेअर या बिलासाठी एक नवा पत्ता तयार करतं, रक्कम आणि क्यूआर कोड दाखवतं आणि घड्याळ चालू करतं. बीटीसीपे सर्व्हर हे दुकानदारांचं मुक्त सॉफ्टवेअर बदल न करता वापरलं, तर हे घड्याळ पंधरा मिनिटांचं असतं.

ग्राहकाचे बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये असतील तर सहसा अडचण येत नाही. वॉलेट ५०,००० सातोशी दुकानाच्या पत्त्यावर लावतं आणि फी वेगळी, वरून घेतं. जुन्या मनीऑर्डरसारखंच: कमिशन पाठवणाऱ्याने खिडकीवर वेगळं भरायचं आणि गावी पोस्टमनने पूर्ण रक्कम हातात ठेवायची. पण अनेकांचे बिटकॉइन एक्स्चेंजवर पडून असतात, आणि बऱ्याच एक्स्चेंजवर पैसे बाहेर काढताना फी टाकलेल्या रकमेतूनच कापली जाते. ग्राहक ०.०००५ टाकतो. एक्स्चेंजची फी ०.००००३ असेल तर दुकानात पोचतात ०.०००४७, म्हणजे ४७,००० सातोशी. 'मिळणारी रक्कम' पडद्यावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते, पण घड्याळ पळत असताना ती वाचतो कोण? वॉलेटमधला 'सगळे पाठवा' हा पर्यायही असाच फसवतो, कारण तिथेही फी आतूनच जाते.

ब्लॉकचेनला बिल ठाऊक नसतं. अमुक पत्त्यावर अमुक सातोशी आले, एवढीच नोंद तिथे होते. ते पुरेसे आहेत की नाहीत, हे फक्त दुकानाचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ते म्हणतं: तीन हजार सातोशी बाकी.

आता ते तीन हजार पाठवून बघा. एक्स्चेंजवर पैसे काढण्याची किमान मर्यादा असते आणि ती बहुधा यापेक्षा मोठी असते, म्हणजे तिथून वाट बंद. एखाद्या एक्स्चेंजने पाठवू दिलेच, तरी पोचते करायला सहा हजार काढावे लागतील, कारण तीन हजार पुन्हा फीत जाणार. त्यात बीटीसीपेच्या नेहमीच्या मांडणीत दुसऱ्या हप्त्यासाठी बाकीत थोडी भरही पडते. दोन तुकड्यांत आलेले पैसे पुढे खर्च करताना दुकानदाराला जास्त फी लागते, त्याची ही भरपाई. म्हणून ग्राहकाला बाकी अचानक वाढलेली दिसते आणि तो दुकानदाराला लबाड समजतो. बाकी अगदीच किरकोळ, काही शे सातोशींची असेल, तर आणखी एक अडथळा येतो: इतकी चिल्लर नेटवर्कवरचे संगणक पुढे सरकवतच नाहीत.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे सूट ठेवणं. दोन टक्क्यांपर्यंत कमी आलं तरी बिल पूर्ण माना, असं सॉफ्टवेअरला सांगता येतं. मला हा उपाय अर्धवट वाटतो. सूट टक्क्यांत असते, फी मात्र ठोक असते. पन्नास डॉलरच्या बिलात तीन हजार सातोशी म्हणजे सहा टक्के, सूट तिथे पुरत नाही. पाच हजार डॉलरच्या बिलात तेच तीन हजार म्हणजे ०.०६ टक्के, तिथे सुटीची गरज जवळजवळ नसते, पण दोन टक्के सोडले तर शंभर डॉलर हातचे जातात. छोट्या बिलांच्या दुकानाने 'एक्स्चेंजवरून पाठवत असाल तर फी वर धरा' ही ओळ क्यूआर कोडच्या शेजारीच ठळक लिहावी.

दुसरं कारण घड्याळाचं. इथे ५०,००० सातोशी पूर्ण येतात, पण उशिरा. ग्राहकाने दहाव्या मिनिटाला बटण दाबलेलं असतं. मग एक्स्चेंज ईमेलवर पुष्टी मागतं, तपासणी करतं किंवा अनेकांचे व्यवहार एकत्र करून सोडतं. व्यवहार नेटवर्कवर येतो पंचविसाव्या मिनिटाला. तोवर भाव दोन टक्के घसरला असेल, तर त्या सातोशींचे एकोणपन्नास डॉलरच होतात. बीटीसीपेसारख्या सॉफ्टवेअरमध्ये व्यवहार मुदतीत नेटवर्कवर दिसला की पुरतो. तो ब्लॉकमध्ये जाऊन पक्का व्हायला नंतर तासभर लागला, तरी बिल मुदतबाह्य होत नाही.

पंधराच मिनिटं का, असं ग्राहक चिडून विचारतो. भाव धरून ठेवणं म्हणजे ग्राहकाला फुकट संधी देणं असतं. बिलातला आकडा बिटकॉइनमध्ये गोठलेला असतो, तेव्हा भाव पडला की ग्राहक स्वस्तात बिल भरतो आणि चढला की ते सोडून नवं बनवतो. दिवसभराची मुदत दिली तर हा खेळ रोज दुकानदाराच्या खर्चाने चालेल. रक्कम लगेच डॉलरमध्ये बदलून देणारी मध्यस्थ कंपनी असेल, तर मुदतीपुरता हा धोका ती उचलते, त्यानंतर नाही.

दोन्हींतला फरक ओळखणं सोपं आहे. ग्राहकाकडून व्यवहाराचा क्रमांक घ्यावा आणि mempool.space सारख्या ठिकाणी तो उघडून आपल्या पत्त्यासमोरची रक्कम बघावी. ती ०.००००३ सारख्या गोल आकड्याने कमी असेल तर फी कापली गेली. रक्कम तंतोतंत असेल तर तो नेटवर्कवर पहिल्यांदा कधी दिसला ते पाहावं. ब्लॉकची वेळ धरू नये, ती नंतरची असते. उशिरा आलेले पैसे हरवत नाहीत. बीटीसीपे मुदत संपल्यावरही एक दिवस त्या पत्त्यावर लक्ष ठेवतं आणि पैसे उशिरा आल्याची खूण करतं. मग त्या क्षणीच्या भावाने किती डॉलर झाले ते पाहून दुकानदार हाताने बिल पूर्ण करू शकतो. एका डॉलरसाठी मी तरी ग्राहक परत पाठवणार नाही.

पैसे परत करायचेच झाले, तर ज्या पत्त्यावरून आले तिथे कधीच पाठवू नयेत. तो पत्ता बहुधा एक्स्चेंजच्या सामाईक तिजोरीचा असतो, त्यावर ग्राहकाचं नाव नसतं आणि पाठवलेले पैसे त्याच्या खात्यात जमा होतीलच असं नाही. ग्राहकाकडून नवा पत्ता मागून घ्यावा. आणि परतावा कशाच्या हिशेबाने, आलेले सातोशी जसेच्या तसे, की त्या दिवशीच्या डॉलरइतके, हे बटण दाबण्याआधी त्याला लिहून कळवावं. परत पाठवण्याची फीही यातूनच जाणार असेल, तर तो आकडाही त्याच पत्रात असावा.